‘बघतो’ न म्हणता नाही म्हणायचं: मित्राने हातउसने पैसे मागितले तर

मित्राचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून होतं, मग आवाज जरा खाली येतो, ‘अरे, एक काम होतं,’ आणि मग आकडा येतो. त्या क्षणी आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द निघतो: ‘बघतो.’ बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ असतो, ‘नाही, पण आत्ता तोंडावर कसं सांगू.’ ऐकणाऱ्याच्या कानात त्याचा अर्थ होतो, ‘होईल, थोडी जुळवाजुळव करावी लागेल एवढंच.’ दोघंही एकच शब्द घेऊन फोन ठेवतात आणि दोन वेगळ्या दिशांना चालू लागतात.

मी परळच्या एका कर्मचारी पतपेढीत कर्ज विभागात अठरा वर्षं काम करतोय. पैसे मागायला आलेला माणूस कसा बसतो, कसा बोलतो, कोणत्या शब्दाला काय समजतो, हे रोज समोर पाहतो. तरीही नऊ वर्षांपूर्वी चाळीतल्या एका जुन्या मित्राने खोलीच्या डिपॉझिटसाठी ऐंशी हजार मागितले, तेव्हा मी ‘बघतो’ म्हणालो. द्यायचे नाहीत हे मला त्याच रात्री माहीत होतं. सांगायला अकरा दिवस लावले. तोवर त्याने माझ्या शब्दावर घरमालकाला दहा हजार टोकन देऊन टाकलं होतं, आणि ते बुडालं. त्याने मला पैसे न दिल्याबद्दल कधी बोल लावला नाही. एवढंच म्हणाला, ‘पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी दुसरीकडे हात पसरला असता.’

ते वाक्य मी विसरलेलो नाही. मित्र ‘नाही’मुळे कमी दुखावतो. नाही कळायला जे दिवस जातात आणि त्या नाहीसोबत जी खोटी कारणं दिली जातात, त्यांनी जास्त दुखावतो. पुढे जे लिहिलंय ते या दोन गोष्टी टाळण्याबद्दल आहे. उदाहरण म्हणून गेल्या वर्षीचा एक प्रसंग सोबत ठेवतो. वीस वर्षांची मैत्री, दोघंही नोकरदार. त्याच्या घरमालकाने घर विकायला काढलं, नवं घर डोंबिवली पूर्वेला ठरत होतं, आणि त्याने माझ्याकडे दीड लाख मागितले.

पहिला मिनिट

फोनवर आकडा ऐकल्यावर लगेच नाही म्हणायची गरज नाही, आणि म्हणूही नये. समोरच्याने हा फोन करण्याआधी दोन दिवस तरी मनाची तयारी केलेली असते. त्याला अर्ध्या सेकंदात उत्तर मिळालं तर आपण विचारही केला नाही असं त्याला वाटतं. पण ‘बघतो’, ‘करू काहीतरी’, ‘टेन्शन घेऊ नकोस’ यातलं काहीही म्हणायचं नाही. शेवटचं तर मुळीच नाही, कारण ते होकारापेक्षाही मोठं वाटतं.

मी त्या दिवशी म्हणालो ते असं: ‘बरं झालं मला सांगितलंस. मी आत्ता हो म्हणत नाहीये, पण उद्या संध्याकाळपर्यंत तुला नक्की काय ते सांगतो. तोवर माझ्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नकोस.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. मुंबईत घराचं डिपॉझिट, शाळेची फी, लग्नाचा हॉल, सगळ्यांना टोकन लागतं आणि टोकन माणूस दुसऱ्याच्या शब्दावर देतो. ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ हेही ठरलेलं असू दे. चोवीस तासांपेक्षा जास्त मुदत घेतली की समोरचा तिला होकार समजू लागतो.

अजून एक. या पहिल्या फोनवर चौकशी करायची नाही. किती लागणार, कधी परत देणार, घर कुठे बघितलंस, काहीही नाही. पतपेढीत आम्ही एखाद्याला नुसतं ‘पगाराची स्लिप आणलीय का?’ विचारलं, तरी तो घरी जाऊन सांगतो की कर्ज मंजूर झालं. प्रश्न विचारणं म्हणजे अर्धा होकार, असंच पैसे मागणाऱ्याला वाटतं. चौकशी करायचीच आहे, पण नाही म्हणून झाल्यावर. ते पुढे येईलच.

रात्री, घरी

आता ठरवायचं. द्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. नाही ठरलं असं धरून पुढे जाऊ, कारण खरी अडचण तिथून सुरू होते: कारण काय सांगायचं?

आपण सहसा अडचणी सांगतो. ‘एफडीत अडकलेत.’ ‘या महिन्यात मुलाची फी आहे.’ ‘पगार उशिरा होतोय.’ यातलं प्रत्येक कारण सोडवता येण्यासारखं आहे, आणि गरजेत असलेला मित्र ते सोडवून दाखवतो. एफडी मोडता येते, मोडल्यावर व्याजात जो तोटा होईल तो मी भरतो. फी पुढच्या महिन्यात आहे ना, तोवर देतो परत. आपण अडथळा सांगितला, त्याने तो बाजूला केला, आता आपल्याला दुसरा शोधावा लागतो. तीन-चार कारणं झाली की दोघांनाही कळतं, कारण कुठलंच खरं नव्हतं.

शिवाय इथे खोटं कारण टिकत नाही. एकाच गाडीने जाणारे चार मित्र समाईक असतात, बायका एकमेकींच्या स्टेटसवर असतात, मुलं एकाच क्लासला असतात. ‘हातात दमडी नाही’ म्हणून सांगितलं आणि तीन आठवड्यांनी घरी नवा फ्रिज चढवताना कुणी पाहिलं, की संपलं. तो फ्रिज सहा महिन्यांपूर्वी हप्त्यावर ठरलेला होता हे सांगायची संधीसुद्धा मिळत नाही.

म्हणून अडचण सांगण्याऐवजी निर्णय सांगायचा. ‘माझ्याकडे नाहीत’ असं म्हणण्याऐवजी ‘मला हे जमणार नाही’ असं म्हणायचं. मराठीत ‘जमणार नाही’ हा फार चांगला शब्द आहे. त्यात कडकपणा नाही, पण दारही उघडं राहत नाही. त्याला जोडून एखादं खरं वाक्य असेल तर तेवढंच सांगायचं. माझं होतं: ‘आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना मी हात लावणार नाही, आणि त्याखेरीज दीड लाख माझ्याकडे नाहीत.’ तुमच्याकडे असं काही नसेल तर कारण न देता नुसता निर्णय सांगितला तरी चालतो. ‘मी मित्रांना उसने देतच नाही’ हे मात्र खरंच सगळ्यांना लागू असेल तरच म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मित्राला दिले असतील तर ते त्याला माहीत असतं, असं धरूनच चाला.

आणि कृपा करून बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव पुढे करू नका. ‘मी दिले असते रे, पण ही नाही म्हणते’ हे वाक्य त्या क्षणी आपल्याला वाचवतं आणि पुढची दहा वर्षं घरातल्या माणसाला महागात पडतं. मित्र पुन्हा घरी येतो तेव्हा चहाचा कप घेताना त्याची नजर बदललेली असते, आणि जिने काहीच केलेलं नसतं तिला कळत नाही की वहिनी वहिनी म्हणणारा हा माणूस असा तुटक का वागतोय. घरी चर्चा जरूर करा. बाहेर सांगताना ‘मी ठरवलंय’ म्हणा.

कुठे आणि कसं सांगायचं

व्हॉट्सॲपवर नाही. लिहिलेला नकार माणूस परत परत वाचतो आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा कोरडा वाटतो. भेटणं शक्य असेल तर भेटा, नसेल तर फोन करा, आणि संध्याकाळी करा. सकाळी नऊला सांगितलं तर तो ते ओझं घेऊन गाडीत उभा राहणार आणि दिवसभर ऑफिसात चेहरा नीट ठेवणार.

भेटायचं असेल तर घर टाळा, त्याचंही आणि आपलंही. आपली घरं दोन खोल्यांची, आतलं बोलणं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येतं. त्याच्या मुलांच्या कानावर हे पडता कामा नये. लोकलमधल्या ग्रुपसमोर तर अजिबात नाही. मुंबईत दोन माणसांना एकांत मिळतो तो चालताना. स्टेशनबाहेर भेटून एक मोठा फेरा मारायचा, किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्याला वळसा घालायचा. चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, गप्प राहता येतं, आणि गप्प राहणं दोघांनाही लागणार असतं.

आम्ही दादर स्टेशनबाहेर भेटलो आणि पोर्तुगीज चर्चच्या दिशेने चालायला लागलो. पहिल्या दोन मिनिटांत मी सांगून टाकलं. हवापाण्याच्या गप्पा मारत वीस मिनिटं घालवली, तर तो ती सगळी वीस मिनिटं श्वास रोखून असतो. शब्द साधारण असे होते:

‘तुला काल म्हणालो होतो आज सांगतो. पैशांचं मला जमणार नाही. आईच्या ऑपरेशनचे बाजूला आहेत, त्यांना हात लावणार नाही, आणि त्याखेरीज एवढे नाहीत. तू मला विचारलंस याचं मला काही वाईट वाटलेलं नाही, उलट दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर वाटलं असतं.’

आणि मग मी थांबलो. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं. शांतता भरून काढायला आपण बोलत राहतो: माफ कर हं, खरंच मनापासून द्यायचे होते, तुला तर माहितीये माझी परिस्थिती. दुसऱ्यांदा माफी मागितली की समोरच्यावर आपलीच समजूत काढायची वेळ येते. मागायला आलेला तो, आणि ‘अरे जाऊ दे, असू दे’ म्हणायचंही त्यानेच. ते ओझं त्याच्यावर टाकू नका.

फेरा संपल्यावर आम्ही टपरीवर दोन कटिंग घेतले. पैसे द्यायला त्याने खिशात हात घातला. मी आधी देऊ शकलो असतो, पण दिले नाहीत. त्या दिवशी त्याने मला चहा पाजला, आणि मला तो पाजू देणं आवश्यक होतं.

तो पुन्हा मागेल तेव्हा

मागतोच. लगेच नाही, तर दोन दिवसांनी. त्यात वाईट काही नाही, गरज असते. ठरलेल्या तीन-चार वाटा असतात आणि त्या आधीच माहीत असल्या की आपण गडबडत नाही.

‘बरं, पन्नास तरी दे.’ इथे अनेकजण सुटका म्हणून हो म्हणतात. पण अर्धी रक्कम दिल्याने त्याचं काम होत नाही, आपले पैसे मात्र जातात, आणि वर उसन्याचं नातं सुरू होतं. उत्तर तेच ठेवायचं आणि त्याच शब्दांत: ‘उसने म्हणून मला जमणार नाही, पन्नासही नाही.’ शब्द बदलले की वाटतं मतही हलतंय.

‘लिहून देतो, व्याज देतो.’ वचनचिठ्ठीने कायदेशीर हक्क मिळतो हे खरं, आणि साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. पण मित्रावर दावा लावायला आपण खरंच जाणार आहोत का? नसू, तर कागदाने काही बदलत नाही. हे त्याला असंच सांगता येतं: ‘तू लिहून दिलंस तरी मी तुझ्यावर केस करणार आहे का? मग लिहिण्याला अर्थ काय.’ माझ्या अनुभवात हे वाक्य कुणाला लागत नाही, कारण त्यात विश्वास आहे.

तिसरी वाट जरा सविस्तर सांगतो, कारण माझं रोजचं काम तिथे आहे. ‘पैसे नको देऊस, पतपेढीच्या कर्जाला जामीन तरी राहा. नुसती सही तर करायचीय.’

पैशाला नाही म्हटल्याची टोचणी मनात असते, त्यामुळे इथे माणूस पटकन हो म्हणतो. पण ही सही उसने देण्यापेक्षा मोठी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नसते. हप्ते थकले की पतपेढी दोघांनाही नोटीस काढते, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, आणि पगारदार जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते. आमच्याकडे असे जामीनदार येतात तेव्हा त्यांच्या हातात पगाराची स्लिप असते आणि तोंडात एकच वाक्य असतं, ‘मी तर फक्त सही केली होती.’ उसने दिलेले दीड लाख बुडाले तर दीड लाखच बुडतात. जामीनकीत मुद्दल, थकलेलं व्याज आणि वसुलीचा खर्च सगळं येतं, आणि तोवर तुम्हाला स्वतःच्या घरासाठी कर्ज हवं असेल तर ते या सहीपायी अडू शकतं.

तेव्हा जामीनकीला नाही म्हणताना पैशांइतकंच स्पष्ट राहायचं: ‘सही म्हणजे माझ्यासाठी पैसेच आहेत. तेही जमणार नाही.’ आपल्या कार्डावर मोबाइल घेऊन देणं, आपल्या नावावर वैयक्तिक कर्ज काढून हप्ता त्याने भरणं, हेसुद्धा यातच आलं. तिथे तर कर्जदारच आपण असतो.

आधी नाही, मग हिशोब

आता चौकशीची वेळ. नाही सांगून झालंय, आशा उरलेली नाही, आता प्रश्न विचारले तर ते मदतीचेच वाटतात. मी त्याला म्हणालो, ‘पैसे नाही, पण रविवारी दोन तास देतो. कागद-पेन घेऊन बसू.’ हे खरंच करणार असाल तरच म्हणा. नाही म्हटल्यानंतर दिलेला आणि न पाळलेला शब्द नकाराहून जास्त लागतो.

रविवारी त्याने आकडे सांगितले, मी लिहिले. नवं भाडं पंधरा हजार. डिपॉझिट पंच्याहत्तर हजार. एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं, म्हणजे पंधरा. पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं पंधरा. टेम्पो आणि हमाल सात. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी वगैरे तीन. बेरीज झाली एक लाख पंधरा हजार.

त्याने तर दीड लाख मागितले होते. मी काही म्हणालो नाही, नुसता बेरजेखाली रेघ मारून थांबलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘पस्तीस क्रेडिट कार्डाचे आहेत.’ हे मी कामावर नेहमी पाहतो. मागितलेल्या आकड्यात बहुतेक वेळा दुसरं एखादं जुनं दुखणं गुंडाळलेलं असतं. त्याबद्दल टोकायचं नाही, फक्त ते वेगळं काढायचं. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे पस्तीस हजारांवर महिन्याला बाराशेच्या घरात. त्यासाठी बँकेला फोन करून थकबाकीचे हप्ते करून घ्यायचे, नवं कार्ड वापरायचं नाही, हा वेगळा कागद. घराचा कागद वेगळा.

घराच्या कागदावर आता जमेची बाजू. हातात वीस हजार होते. जुन्या घराचं पन्नास हजार डिपॉझिट चावी दिल्यावर परत मिळणार होतं. म्हणजे एक लाख पंधरामधून सत्तर गेले, खरी तूट पंचेचाळीस हजारांची. दीड लाखांचा डोंगर पंचेचाळीसवर आला होता. अडचण उरली ती तारखांची, कारण जुनं डिपॉझिट नव्या घरात गेल्यावरच हातात येणार.

म्हणून दोन फोन करायचे ठरले आणि मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. नव्या मालकाला विचारलं, चाळीस आता आणि पस्तीस पंधरा दिवसांनी चालतील का. तो तयार झाला, पण करारात तसं लिहायचं म्हणाला, जे योग्यच आहे. एजंट अर्धी दलाली पुढच्या महिन्यात घ्यायला तयार झाला. मग पहिल्या दिवशी लागणार होते चाळीस, साडेसात, पंधरा, सात आणि तीन, म्हणजे साडेबहात्तर हजार. हातातले वीस वजा केले की साडेबावन्न.

त्याच्या ऑफिसची पतपेढी आहे, तिथे तातडीचं कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळत होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. चोवीस हप्ते, बारा टक्क्यांनी महिन्याला साधारण तेवीसशे पन्नास. मित्राकडून घेतलेल्या दीड लाखांपेक्षा हा हप्ता त्याला हलका जाणार होता, कारण तो पगारातूनच कापला जातो आणि रोज गाडीत समोर उभा राहत नाही. जामीनदार म्हणून त्याचेच दोन सहकारी होते, जे एकाच संस्थेचे सभासद आहेत आणि एकमेकांना जामीन राहतात. ते दोघं कोणत्या सहीवर काय पत्करताहेत हे त्याने त्यांना आधी स्पष्ट सांगावं, एवढं मी आवर्जून म्हणालो.

उरले अडीच हजार. आणि इथे मी एक गोष्ट केली जी प्रत्येकाने करावी असं नाही: टेम्पो आणि हमालांचे सात हजार मी दिले. उसने म्हणून नाही. पैसे त्याच्या हातात न देता टेम्पोवाल्यालाच दिले. ‘घर लावायला माझ्याकडून’ म्हणालो आणि विषय संपवला. असं द्यायचं असेल तर नकाराच्या दिवशी देऊ नका, कारण तेव्हा ती भीक वाटते. चार-पाच दिवस जाऊ द्या, एका ठरलेल्या खर्चावर द्या, आणि परत मिळणार नाहीत असं स्वतःशी धरूनच द्या. ते जड जात असेल तर मुळीच देऊ नका. रविवारचे दोन तास त्याहून मोठे असतात.

गरज दवाखान्याची असेल तर हे सगळं उलट्या क्रमाने नाही, पण घाईने करावं लागतं. नाही म्हणायला चोवीस तास नसतात, तासाभरात सांगा आणि लगेच निघा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण आजार आणि रुग्णालय दोन्ही यादीत असावी लागतात, आणि भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं लागतं. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला गाठून उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड दाखवायचं. नातेवाईक आयसीयूबाहेर हलू शकत नाहीत तेव्हा ही धावपळ करणारा मित्र पैशाइतकाच उपयोगी पडतो.

एका गोष्टीची भीती मात्र मला नेहमी वाटते. नकार मिळालेला माणूस घरी जाऊन रात्री मोबाइलवर झटपट कर्जाचं ॲप उतरवतो. त्याच्याशी बोलताना हे नाव घेऊनच सांगा. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली असली पाहिजे, आणि कर्जाचं ॲप फोनमधले संपर्क किंवा फोटो मागत असेल तर तिथेच थांबायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अशा ॲपना संपर्कयादीला हात लावायची मुभा नाही. वसुलीसाठी तेच संपर्क वापरून सासऱ्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना फोन जातात.

नंतरचे तीन आठवडे

नकारानंतर आपण संकोचाने गप्प राहतो. वाटतं, त्याला वेळ देऊ. त्याला मात्र वाटतं, आता हा पुन्हा मागीन म्हणून टाळतोय. म्हणून तिसऱ्या दिवशी आपणच फोन करायचा, आणि पैशाखेरीज कशासाठी तरी. मी केला तो त्याच्या मुलाच्या दहावीच्या अर्जाबद्दल विचारायला. पैशांचं काय झालं हे त्या फोनवर विचारायचं नाही. सांगायचं असेल तर तो सांगतो.

दुरावा येतोय हे कसं ओळखायचं? तो वेगळ्या डब्यात चढायला लागतो. ग्रुपवर सगळ्यांना उत्तर देतो, आपल्या मेसेजवर नुसता अंगठा. ‘वहिनी कशा आहेत’ हे विचारणं बंद होतं. असं दिसलं तर स्पष्टीकरण देऊ नका, त्याने जुना नकार फक्त ताजा होतो. त्याच्याकडे एखादं छोटं काम मागा, त्याला जे चांगलं येतं असं. माझ्या घरातलं वायरिंग नेहमी तोच बघतो, मी त्याला पंख्याच्या रेग्युलेटरसाठी बोलावलं. देणारा आणि मागणारा ही जागा एकदा अदलाबदल झाली की खांदे सैल होतात.

आणि हे कुणालाही सांगू नका. चांगल्या हेतूनेही नाही, ‘बिचाऱ्याला मदत करा रे’ म्हणूनही नाही. त्याने एकाला विचारलं होतं. सगळ्या ग्रुपला कळलं की ज्यांच्याकडे तो खरंच जाणार होता त्यांच्याकडेही आता जाता येत नाही.

दिवाळीला आम्ही चार दिवस गुहागरला जाणार होतो. बुकिंग आधीचं होतं. ते लपवावंसं मला क्षणभर वाटलं. मग मीच त्याला आधी सांगितलं, गाडीत, इतरांना सांगायच्या आधी. ‘हातात दमडी नाही’ असं मी त्याला कधी म्हणालोच नव्हतो, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं.

काही मित्र एवढं करूनही जातात. अशा माणसाला मागे लागून मनवू नये. वर्षभराने गणपतीला त्याच्या घरी जावं, पाया पडून, प्रसाद घेऊन यावं, आणि तेव्हाही तो विषय काढू नये. माझा चाळीतला तो जुना मित्र, ज्याचं टोकन बुडालं, तीन वर्षं बोलला नाही. चौथ्या वर्षी आरतीला मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याने झांज माझ्या हातात दिली.

डोंबिवलीच्या मित्राने नव्या घरात गेल्यावर पहिल्या रविवारी जेवायला बोलावलं. सामानाच्या खोक्यांवर बसून आम्ही मटण-भात खाल्ला. नव्या मालकाचे पस्तीस पोचले होते, एजंटचे साडेसातही. पावती त्याने मला दाखवायला काढली, आणि मी बघून परत दिली.